बखरीला विचारावयाचे चार प्रश्न

(खडकी येथे इतिहासाचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपण सारे खडकीचे. समजा, उद्या प्रश्नपत्रिकेत जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रातील एक उतारा आला आणि मोगल फौजेने १६१६ साली खडकी जाळल्याचे त्यात वाचावयास मिळाले, तर आपल्यापैकी कित्येकांना वाटेल की हा प्रसंग मुळेच्या काठी घडला. वस्तुतः ती खडकी मलिक अंबरने १६१० साली मराठवाड्यात वसविलेली नगरी होय. तिचेच पुढे औरंगाबाद झाले आणि आज ती छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखली जाते. आपल्या खडकीचे नाव इतिहासात आले ते दोनशे वर्षांनी, ५ नोव्हेंबर १८१७ रोजी पेशव्यांची फौज आणि इंग्रज यांच्यात येथे झालेल्या लढाईमुळे. उताऱ्यात केवळ 'खडकी' एवढाच शब्द असेल, तर त्या शब्दावरून हा उलगडा होत नाही. लिहिणारा कोण, तो कोणत्या मोहिमेविषयी लिहीत आहे, हे विचारले तरच होतो.

आज आपणांस याच विचारण्याविषयी बोलावयाचे आहे. इतिहासाच्या परीक्षेत एखाद्या जुन्या ग्रंथातील उतारा देऊन 'ऐतिहासिक साधन म्हणून या उताऱ्याचे मूल्यमापन करा' असा प्रश्न येतो. दहावीच्या मुलांना बखरीची ओळख पाठ्यपुस्तकातच होते. पुढे पदवीच्या आणि स्पर्धापरीक्षेच्या वाटेवर हा प्रश्न अधिक कठीण रूपात भेटतो. त्याचे उत्तर लिहिताना चार गोष्टी विचाराव्यात, असे सगळेच शिक्षक सांगतात. लेखक कोण? त्याचा हेतू काय? तो कोणासाठी लिहितो? आणि त्याच्या लेखनाच्या मर्यादा कोणत्या? प्रश्न पाठ असतात, परंतु त्यांचे करावयाचे काय हे ठाऊक नसते. म्हणून आपण एकच उतारा घेऊ आणि तो शेवटपर्यंत सोडवू.

उतारा

उतारा घेऊ सभासद बखरीतील, आणि प्रसंग घेऊ तो आपल्या सिंहगडाचा. बखरकार जे सांगतो त्याचा आशय मी माझ्या शब्दांत देतो.

मोगलांना दिलेले सत्तावीस किल्ले परत घ्यावयाचे असे राजांनी ठरविले. तेव्हा मावळ्यांचा हजारी तानाजी मालुसरे याने कोंडाणा आपण घेतो असे कबूल केले. राजांनी त्याला वस्त्रे आणि विडे दिले. पाचशे निवडक मावळे घेऊन तो रात्री गडाच्या पायथ्याशी गेला. दोन धाडसी मावळे आधी कड्यावर चढविले, मागून तीनशे माणूस वर गेले. तोपर्यंत गडावर चाहूल लागली. किल्लेदार उदेभान राजपूत आणि तानाजी यांची गाठ पडली. तानाजीची ढाल तुटली, दुसरी वेळेवर मिळाली नाही, तेव्हा डाव्या हाताचीच ढाल करून तो लढला. दोघेही पडले. तानाजीचा भाऊ सूर्याजी याने लोकांना सावरले आणि गड काबीज केला. गडावर आग लावून इशारत केली, तो उजेड राजांनी राजगडावरून पाहिला. तानाजी पडल्याचे कळले तेव्हा एक गड मिळवून दुसरा गमावल्याचे दुःख त्यांनी बोलून दाखविले.

आता लेखणी उचलण्यापूर्वी एक गोष्ट करा. वाचलेल्या उताऱ्यात काय नाही, याची नोंद घ्या. यात घोरपड नाही. रायबाचे लग्न नाही. घोरपडीची आणि लग्नाची कथा आपणांस पोवाड्यातून आणि पुढच्या वाङ्मयातून मिळाली. 'गड आला पण सिंह गेला' हे शब्दही बखरीचे नव्हेत. या नावाची हरि नारायण आपटे यांची कादंबरी घरोघर वाचली गेली आणि ते शब्द आपल्या कानात बसले. लहानपणापासून ऐकलेले सारे काही विद्यार्थी नकळत उताऱ्यात मिसळतो आणि बखरकाराच्या तोंडी घालतो. परीक्षकाला हा घोटाळा पहिल्या परिच्छेदातच दिसतो. समोरच्या कागदावर जे आहे त्याचेच मूल्यमापन करावयाचे, हा या प्रश्नाचा पहिला नियम आहे.

लेखक कोण?

लेखक कृष्णाजी अनंत सभासद. शिवछत्रपतींच्या काळात वावरलेला, पुढे छत्रपती राजाराम महाराजांच्या पदरी असलेला हा माणूस. त्याने बखर लिहिली ती तामिळ देशातील जिंजीच्या किल्ल्यात. लेखनाचे वर्ष काही अभ्यासक १६९४ देतात, काही १६९७.

बहुतेक विद्यार्थी ही माहिती लिहितात आणि थांबतात. पण परीक्षकाला लेखकाचे चरित्र नको आहे. या लेखकामुळे या उताऱ्याचे वजन किती वाढते वा कमी होते, हे त्याला हवे आहे. मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधी खूण सांगतो. लेखकाविषयी लिहिलेल्या प्रत्येक वाक्यानंतर 'म्हणून' हा शब्द लिहून पाहा आणि त्यापुढे उताऱ्यातील एखादा तपशील येतो का ते पाहा. येत नसेल तर ते वाक्य खोडून टाका.

खूण लावून पाहू. सभासद हा शिवकाळाचा समकालीन आहे, म्हणून 'हजारी' हा हुद्दा, वस्त्रे आणि विडे देऊन कामगिरी सोपविण्याची रीत, गडावरून आगीची इशारत करण्याची पद्धत हे तपशील तो माहितगाराच्या लेखणीने देतो. राज्यकारभारात वावरलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच. हे झाले वजन वाढविणारे. आता दुसरी बाजू. त्या रात्री सभासद गडावर होता असे बखर कोठेही सांगत नाही, म्हणून ढाल तुटली, दुसरी वेळेवर आली नाही, हात पुढे केला, हे द्वंद्वाचे वर्णन त्याने कोणाकडून तरी ऐकलेले असणार. तानाजी पडला, उदेभानही पडला. म्हणजे सांगणारा तिसराच कोणी मावळा असला पाहिजे, आणि काळोखात, धावपळीत त्याने किती पाहिले असेल हा प्रश्न उरतो. एकाच लेखकाच्या एकाच उताऱ्यात दोन तपशिलांचे वजन वेगवेगळे असते, हे ज्याने दाखविले त्याचे उत्तर इतरांपेक्षा वेगळे उठून दिसते.

हेतू काय?

बखर छत्रपती राजारामांच्या आज्ञेने लिहिली गेली. थोरल्या महाराजांचे चरित्र आरंभापासून लिहून काढावे, अशी ती आज्ञा होती. हा हेतू समजावयाचा तर तो काळ डोळ्यांसमोर आणला पाहिजे. १६८९ च्या मार्चमध्ये छत्रपती संभाजी महाराजांची क्रूर हत्या झाली होती. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला. राजाराम महाराज शेकडो कोस दूर जिंजीला पोहोचले आणि तेथेही झुल्फिकारखानाचा वेढा पडला. स्वराज्य टिकते की बुडते, असा तो प्रसंग होता. अशा वेळी एक तरुण राजा आपल्या पित्याचे चरित्र लिहवून घेतो.

या चरित्रात केवळ पराक्रमाच्या कथा नाहीत. किल्ल्यांच्या, कारभाऱ्यांच्या, फौजेच्या आणि खजिन्याच्या याद्याही आहेत. म्हणून असे अनुमान करता येते की बखरीचा हेतू दुहेरी आहे. राज्य कसे उभे राहिले याची आठवण जपणे आणि ते कसे चालवावे याचा धडा देणे. माझे हे अनुमान आहे, आणि उत्तरातही तुम्ही 'अनुमान करता येते' असेच लिहावे. लेखकाने स्वतः सांगितलेला हेतू आणि आपण ताडलेला हेतू यांत भेद राखावा.

आता पुन्हा 'म्हणून'. बखर गौरवासाठी आणि बोधासाठी लिहिली आहे, म्हणून आपल्या उताऱ्यात प्रसंगाची निवड आणि मांडणी आदर्शाला अनुसरून होते. सेवक कामगिरी मागून घेतो, स्वामी त्याचा सन्मान करतो, सेवक प्राण देतो, स्वामी शोक करतो. गड घेण्याची लष्करी योजना कोणी आखली, टेहळणी किती दिवस केली, दारूगोळा किती होता, यांविषयी उतारा मौन पाळतो, कारण ते त्याच्या हेतूत बसत नाही. मात्र याच ठिकाणी एक चूक सर्रास होते. 'लेखक स्वराज्याचा सेवक असल्याने तो पक्षपाती आहे, सबब बखर विश्वसनीय नाही,' असे एक वाक्य लिहून विद्यार्थी मोकळा होतो. ही पळवाट आहे. पक्ष कोणत्या लेखकाला नसतो? पक्षामुळे नेमका कोणता तपशील वाकला असेल आणि कोणता वाकण्याचे कारण नाही, हे सांगावयाचे असते. या उताऱ्यात उदेभानही शूर योद्धा म्हणूनच येतो. शत्रूच्या किल्लेदाराला भ्याड ठरविण्याची संधी बखरकाराने घेतली नाही, हेही उत्तरात यावयास हवे.

कोणासाठी?

हा चौघांतील सर्वांत दुर्लक्षित प्रश्न आहे. हेतू आणि वाचक एकच समजून विद्यार्थी तो गाळतात. पण याच प्रश्नातून या उताऱ्याची एक सुंदर बाजू कळते.

सिंहगड घेतला गेला तो माघ वद्य नवमी, शके १५९१, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० चा. जन्मस्थान राजगड. ज्याच्यासाठी बखर लिहिली त्याचा जन्म या लढाईनंतर अवघ्या वीस दिवसांनी झाला, आणि तोही त्याच गडावर, जेथून राजांनी आगीचा उजेड पाहिल्याचे बखर सांगते! वयाच्या दहाव्या वर्षी त्याचे पितृछत्र हरपले. या श्रोत्याला पित्याचा पराक्रम ऐकूनच माहीत होणार होता. राजगडावरून दिसलेला उजेड आणि राजांचा शोक या दोन गोष्टी उताऱ्यात ठळकपणे का येतात, याचे एक कारण या श्रोत्यात असू शकते.

श्रोत्यामुळे दुसरी गोष्टही घडते. जिंजीच्या दरबारात शिवकाळ पाहिलेली माणसे होती. त्यांच्यापुढे वाचल्या जाणाऱ्या ग्रंथात लेखकाला अलंकार करता येतो, पण गड घेतलाच नाही तो घेतला, किंवा जो पडला नाही तो पडला, असे लिहिता येत नाही. तेव्हा श्रोत्यामुळे प्रसंगाचा सांगाडा विश्वसनीय ठरतो आणि त्यावरचा साज संशयास्पद राहतो. तसेच जे श्रोत्यांना ठाऊकच होते ते लेखक सांगत नाही. गड कोठे आहे, तो मोगलांकडे कसा गेला, हे तो विस्ताराने देत नाही. त्यामुळे आजच्या वाचकाला तो भाग अन्य साधनांतून भरून काढावा लागतो.

मर्यादा कोणत्या?

मर्यादा लिहिताना 'बखरीत अतिशयोक्ती असते' हे सर्वसाधारण वाक्य उपयोगाचे नाही. ते कोणत्याही बखरीला लागू पडेल. या उताऱ्याच्या तीन मर्यादा बोट ठेवून दाखविता येतात.

पहिली, तिथी नाही. मघाशी मी जी तिथी सांगितली ती बखरीत नाही, ती जेधे शकावलीतून मिळते. कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील ही शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. तीत कथा नाही, शोक नाही. वर्ष, महिना, तिथी आणि घटना एवढेच. बखरीतून प्रसंग आणि शकावलीतून काळ, अशी ही जोडी लावावी लागते.

दुसरी, आकडे. बखर सत्तावीस किल्ले म्हणते. परंतु जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी मोगलांना तेवीस किल्ले दिले आणि बारा स्वतःकडे ठेवले, हे मिर्झा राजा जयसिंगाच्या पत्रव्यवहारावरून कळते. येथे कोणाचे मानावे? पत्रे तहाच्या वेळची आहेत, लिहिणारा तह करणारा सेनापती आहे, आणि वाचणारा बादशहा आहे. किल्ले ताब्यात घ्यावयाचे असल्याने त्याची मोजणी चुकवून चालणार नव्हते. सभासद तीस वर्षांनी, रायगडचे दप्तर जवळ असण्याचा संभव फारसा नसताना, स्मरणावर लिहितो. म्हणून आकड्यापुरता निर्णय पत्रांच्या बाजूने द्यावा. पण लक्षात घ्या, किल्ले दिले गेले आणि ते परत घेण्याची मोहीम झाली या मूळ विधानाला त्या चुकीने बाध येत नाही. आकडा चुकला म्हणून प्रसंग खोटा ठरत नाही. याच न्यायाने पाचशे आणि तीनशे हे मावळ्यांचे गोल आकडेही अंदाजाचे समजावेत.

तिसरी, एकच बाजू. गडावरच्या राजपुतांचे, उदेभानाच्या माणसांचे म्हणणे उताऱ्यात नाही. चाहूल केव्हा लागली, गाफील कोण राहिले, हे बखर चढणाऱ्यांच्या बाजूनेच सांगते.

येथे एक प्रचलित समजूतही तपासून घेऊ. तानाजीच्या मृत्यूनंतर महाराजांनी कोंडाण्याचे नाव सिंहगड ठेवले, असे आपण सारे ऐकत आलो. परंतु एप्रिल १६६३ मधील महाराजांच्या पत्रातच सिंहगड हे नाव येते. म्हणजे तानाजीच्या बलिदानापूर्वी सात वर्षे ते नाव रूढ होते. परीक्षेत हे लिहिणारा विद्यार्थी तानाजीचा मान कमी करीत नाही. त्याच्या मृत्यूची थोरवी नावाच्या कथेवर अवलंबून नाही.

उत्तर कसे दिसावे?

आता हे सारे सुमारे दीडशे शब्दांत बसवू. उताऱ्याचा सारांश पुन्हा सांगण्यात जागा दवडू नका, परीक्षकासमोर उतारा आहेच. पहिल्याच वाक्यात निर्णय द्या आणि मग कारणे द्या. नमुना असा:

'प्रस्तुत उतारा सिंहगड जिंकल्याच्या घटनेसाठी आणि त्या काळच्या लष्करी रीतींसाठी विश्वसनीय आहे. द्वंद्वाच्या तपशिलांसाठी आणि आकड्यांसाठी तो तितकासा विश्वसनीय नाही. लेखक कृष्णाजी अनंत सभासद समकालीन असल्याने हजारी हा हुद्दा, वस्त्रे-विडे देण्याची प्रथा आणि आगीची इशारत या गोष्टी तो माहितीने लिहितो. मात्र तो लढाईत हजर असल्याचा पुरावा नाही, म्हणून ढाल तुटल्याचे वर्णन ऐकीव मानावे लागते. बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेने जिंजी येथे, घटनेनंतर सुमारे पाव शतकाने लिहिली गेली. पित्याच्या कार्याचा गौरव आणि संकटातील राजाला बोध हा तिचा हेतू दिसतो, त्यामुळे स्वामिनिष्ठेला मांडणीत प्राधान्य मिळाले आहे आणि लष्करी योजनेविषयी मौन आहे. श्रोत्यांमध्ये शिवकाळ पाहिलेली माणसे असल्याने मुख्य घटना कल्पित असण्याचा संभव कमी आहे. उताऱ्यात तिथी नाही, ती जेधे शकावलीवरून घ्यावी लागते. सत्तावीस किल्ल्यांचा आकडा जयसिंगाच्या पत्रांतील तेवीस या आकड्याशी जुळत नाही आणि समकालीन पत्रे अधिक ग्राह्य आहेत. मोगल बाजूचे कथनही यात नाही. म्हणून हा उतारा घटनेचा आणि तिच्या स्मृतीचा महत्त्वाचा पुरावा आहे, पण काळ आणि संख्या यांसाठी त्याला अन्य साधनांचा आधार हवा.'

या उत्तरात 'बखर खरी' किंवा 'बखर खोटी' असे कोठेही म्हटलेले नाही, हे पाहा. कोणत्या प्रश्नासाठी ती किती उपयोगी, एवढेच म्हटले आहे. उत्तर लिहून झाल्यावर स्वतःच तपासा. लेखक, हेतू आणि श्रोता यांविषयीची वाक्ये उचलून दुसऱ्या एखाद्या बखरीच्या उत्तरात जशीच्या तशी ठेवता येत असतील, तर उत्तर कच्चे आहे. वरील नमुन्यातून हजारी, ढाल, इशारत, सत्तावीस हे शब्द काढले तर काही उरत नाही. तसेच असावे.

दोन्ही तागड्यांना एकच वजन

शेवटी एक शंका, जी पालकांच्या मनात असेल. शिवचरित्र हा आपल्या श्रद्धेचा विषय. त्या चरित्राच्या पहिल्या बखरीला असे उलटसुलट प्रश्न विचारावयास मुलांना शिकविणे योग्य आहे काय?

मला वाटते, योग्यच आहे, आणि ही परंपरा आपल्याच मातीतील आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तेव्हा अस्सल पत्रांच्या आधारे बखरींची कठोर झाडाझडती घेतली. त्यांच्या राष्ट्राभिमानाविषयी कोणी शंका घेणार नाही. पुण्यात १९१० साली त्यांनी स्थापनेत पुढाकार घेतलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे कार्यही याच पायावर उभे राहिले.

शिवाय या चार प्रश्नांचा लाभ दुसऱ्या बाजूने पाहा. खाफीखान हा मोगलांच्या सेवेतील इतिहासकार. 'मुन्तखब-उल्-लुबाब' हा त्याचा फारसी ग्रंथ अठराव्या शतकातला. शिवाजी महाराजांविषयी लिहिताना त्याची लेखणी शिव्याशाप देते. पण तोच खाफीखान लिहून ठेवतो की, मशिदींना, कुराणाला आणि कोणाच्याही स्त्रीला उपद्रव द्यावयाचा नाही असा शिवाजीचा नियम होता. आता चार प्रश्न लावा. लेखक मोगलांच्या सेवेतला, हेतू तैमूरच्या घराण्याचा इतिहास लिहिण्याचा, वाचक फारसी जाणणारा मोगल दरबारी वर्ग. या माणसाला महाराजांची स्तुती करण्याचे काही कारण नव्हते. ज्या गोष्टीने त्याच्या पक्षाचा लाभ होत नाही ती गोष्ट तो सांगतो, म्हणून तिचे वजन मोठे. आणि मर्यादा? तो महाराजांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी लिहितो, हीही नोंद करावीच लागते.

खाफीखानाच्या शिव्या बाजूला सारून त्याची ही साक्ष ग्राह्य धरावयाची असेल, तर ती कसोटी आधी आपण मान्य केली पाहिजे. शत्रूच्या ग्रंथाला हेतू विचारावयाचा आणि आपल्या ग्रंथाला विचारावयाचा नाही, असे केले तर समोरचाही तेच करील, आणि मग कोणाचीच साक्ष कोणाला पटणार नाही. सभासदाला आपण प्रश्न विचारले, तेव्हा काय झाले? घोरपड गेली, नावाची कथा गेली, सत्तावीसचे तेवीस झाले. पण रात्री कडा चढणारे मावळे, पडलेला तानाजी, लोकांना सावरणारा सूर्याजी आणि राजगडाच्या दिशेने पेटविलेली आग हे सारे जागच्या जागी राहिले. तपासणीनंतर जे उरले आहे, ते आता तुमच्या मुलाला कोणाही परीक्षकापुढे ठामपणे लिहिता येईल.

प्रश्नोत्तरांसाठी वेळ राखून ठेवला आहे. ज्यांनी उतारा लिहून घेतला असेल त्यांनी घरी एक काम करावे. याच बखरीतील अफजलखानाच्या वधाचा भाग काढावा, 'लेखक, हेतू, श्रोता, मर्यादा' असे चार रकाने पाडावेत, आणि प्रत्येक रकान्यात 'म्हणून' या शब्दापुढे उताऱ्यातील निदान एक तपशील लिहावा. जो रकाना रिकामा राहील, तेथे उतारा पुन्हा वाचावा.